सातवा प्रसंग, चौथी ओळ: एका दूध संघाच्या फिल्मची पटकथा मंजूर होईपर्यंत

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा दूध संघाला स्वच्छ दूध उत्पादनावर आठ मिनिटांची प्रशिक्षण फिल्म हवी होती. गावोगावच्या प्राथमिक संस्थांच्या सभेत आणि संकलन केंद्रावरच्या टीव्हीवर ती दाखवायची, शिवाय शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवायची. आम्ही लिहिलेल्या पटकथेत बारा प्रसंग होते, एक निवेदक, एक शेतकरी जोडपं आणि संकलन केंद्राचा सचिव. विषय तसा रुळलेला: धार काढण्याआधी कास धुणं, पहिल्या एक-दोन धारा वेगळ्या भांड्यात घेऊन तपासणं, स्टीलची किटली, दूध केंद्रावर वेळेत पोचवणं, आजारी जनावराचं दूध वेगळं ठेवणं. असल्या कामात लेखन अवघड नसतं. अवघड असतात ती पटकथा वाचणारी माणसं, कारण ती सहा असतात आणि सहाही जणांना आपला शब्द अखेरचा वाटतो.

इथे ते सहा जण असे होते: आमच्याशी रोजचा संपर्क असलेल्या प्रशिक्षण अधिकारी मॅडम, संघाचे पशुवैद्यक, गुणवत्ता नियंत्रण प्रमुख, मार्केटिंगचे साहेब, कार्यकारी संचालक आणि अध्यक्ष. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघून ‘पटकथा आली की आम्ही सगळे बघून घेऊ’ असं सांगितलं. हे वाक्य ऐकलं की पटकथाकारानं तिथेच पेन बाहेर काढावं. सगळे बघतील याचा अर्थ मंजुरी कोणाचीच नसेल. म्हणून बैठक संपायच्या आत एकच प्रश्न विचारून घेतला: कोणत्या बाबतीत कोणाचं उत्तर शेवटचं?

उत्तरं मिळवायला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या, पण मिळाली. जनावराचं आरोग्य आणि औषधं यांबद्दल पशुवैद्यकांचा शब्द अंतिम. दुधाची तपासणी, तापमान, भांडी यांबद्दल गुणवत्ता प्रमुखांचा. भाषा, क्रम, शेतकऱ्याला कळेल की नाही, हे प्रशिक्षण मॅडमचं. संघाचं नाव, बोधचिन्ह, योजनांचा उल्लेख हे मार्केटिंगचं. कार्यकारी संचालक फक्त शेवटची, लॉक करायची म्हणजे यापुढे न बदलायची प्रत मंजूर करणार. अध्यक्षांचं काय, हे विचारल्यावर ‘साहेबांना आम्ही सांगतो’ असं उत्तर आलं. त्यावर पुढे येतोच.

ही वाटणी आम्ही त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवली. करारात दोन अभिप्राय-फेऱ्या होत्याच. ईमेलमध्ये फेरी म्हणजे काय ते स्पष्ट केलं. एक प्रत पाठवल्यापासून ठरलेल्या तारखेपर्यंत प्रशिक्षण मॅडमकडून आलेला एकत्रित अभिप्राय म्हणजे एक फेरी. इतर कोणाचा थेट फोन, आवाजी निरोप किंवा कागदाचा फोटो आला तर आम्ही तो ऐकू, नोंदवू आणि मॅडमकडे परत पाठवू. पटकथेत घालणार नाही. हे वाचून ग्राहक दुखावेल अशी भीती पुष्कळ लेखकांना वाटते. माझ्या अनुभवात मधल्या अधिकाऱ्याला उलट हायसं वाटतं, कारण वरिष्ठांना ‘थांबा, एकत्र पाठवू’ म्हणायला त्यांना एक कागद मिळतो.

मंजुरीचे टप्पे चार ठेवले. पहिला, एका पानाचा आराखडा: काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही. दुसरा, तथ्यं. तिसरा, भाषा आणि लांबी, मोठ्यानं वाचून. चौथा, लॉक. यांतला दुसरा टप्पा तिसऱ्याआधी पूर्ण बंद होणं, ही या सगळ्या रचनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तथ्यं आणि भाषा एकाच फेरीत मागवली की लोक भाषेवर लिहितात. ते सोपं असतं आणि प्रत्येकाला येतं. पशुवैद्यक ‘सुंदर झालंय, फक्त ‘गाय’ ऐवजी ‘गाई-म्हशी’ करा’ असं लिहून मोकळे होतात आणि औषधाच्या ओळीवर त्यांची नजरच जात नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात डॉक्टरांना अख्खी पटकथा मंजूर करायला सांगितलीच नाही. त्यांच्या विषयाच्या ओळी वेगळ्या काढून, प्रत्येकीसमोर ‘बरोबर / चूक / असं म्हणा’ असा रकाना ठेवून दिल्या. पूर्ण पटकथा संदर्भासाठी सोबत होती.

आता कागदाबद्दल. आमची पटकथा दोन रकान्यांची असते, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी. वर्डमध्ये ती तक्त्यात लिहितात, आणि इथे एक खोच आहे. वर्डची आपोआप येणारी ओळ-क्रमांकाची सोय (`Line Numbers`) तक्त्यातल्या ओळी मोजत नाही. म्हणजे जिथे क्रमांकांची गरज सगळ्यात जास्त, तिथेच ते दिसत नाहीत. शिवाय आपोआप येणारे क्रमांक एक ओळ वाढली की पुढचे सगळे सरकतात. म्हणून निवेदनाच्या आणि संवादाच्या प्रत्येक तुकड्याला हातानं क्रमांक दिला: सातव्या प्रसंगातला चौथा तुकडा म्हणजे ७.४. हा क्रमांक पहिल्या पाठवलेल्या प्रतीपासून कायमचा. नवा तुकडा मध्ये आला तर ७.४अ. एखादा काढला तर क्रमांक तसाच आणि समोर ‘वगळले’. हॉलिवूडमध्ये पटकथा लॉक झाल्यावर दृश्यांचे क्रमांक बदलत नाहीत, नवं दृश्य 12A होतं आणि काढलेल्या दृश्याच्या जागी OMITTED लिहितात. तीच रीत, फक्त आम्ही ती लॉकची वाट न बघता सुरुवातीपासून आणि ओळीच्या पातळीवर पाळतो. तिथे सुधारित पानं वेगवेगळ्या रंगांच्या कागदावर छापतात, पांढऱ्यानंतर निळा, मग गुलाबी, मग पिवळा. आपल्याकडे ग्राहकाच्या कार्यालयात कागद एकाच रंगाचा असतो आणि प्रिंटर तर बहुतेक वेळा काळाच छापतो, त्यामुळे रंगावर विसंबण्यात अर्थ नाही.

रंगाचं काम पानाच्या शीर्षपट्टीनं करायचं. प्रत्येक पानावर, पहिल्याच नव्हे, प्रत क्रमांक, तारीख आणि ‘ही प्रत कशासाठी’ हे एक-दोन शब्दांत: ‘तथ्यं तपासण्यासाठी’, ‘वाचनासाठी’, ‘लॉक’. सरकारी-सहकारी कार्यालयात पानं सुटी होतात, एखादं पान कोणाच्या तरी टेबलावर राहतं. त्या सुट्या पानालाही आपण कोण आहोत हे सांगता आलं पाहिजे. फाइलचं नाव तेच बोलतं:

```
swachhadudh_v2.0_tathya.pdf
swachhadudh_v2.3.docx
```

बाहेर गेलेली प्रत पूर्ण अंकाची, आमच्यातली दशांशाची. २.० संघाकडे गेली, २.१, २.२, २.३ आमच्याच टेबलावर. पुन्हा बाहेर जाईल ती ३.०. यामुळे ग्राहकाच्या तोंडून ‘दोन पॉइंट तीन’ असं कधी ऐकू आलं तर लगेच कळतं की आपल्याकडून काहीतरी चुकीचं बाहेर गेलंय. बाहेर नेहमी पीडीएफ. वर्डची फाइल दिली की तिच्यात कोणीतरी थेट लिहितं आणि काय बदललं ते शोधत बसावं लागतं. तरी कोणी बदललेली वर्ड फाइल पाठवलीच, तर वर्डमधल्या `Review` खालच्या `Compare` नं आपल्या प्रतीशी ती पडताळायची. खूण करून बदलले म्हणतात त्याहून दोन-तीन जागी जास्त हात फिरलेला असतोच. लेखक मंडळी आपसात गूगल डॉक्समध्ये लिहितात तेव्हा तिथल्या `Version history` मध्ये बाहेर गेलेल्या प्रत्येक प्रतीला नाव देऊन ठेवतो. पण तो इतिहास म्हणजे नोंदवही नव्हे. कोणत्या वेळी कोणती अक्षरं बदलली एवढंच तो सांगतो. कोणी मागितलं आणि का मान्य केलं हे त्याला माहीत नसतं.

ते सांगते नोंदवही. एका शीटमध्ये दोन पानं. पहिल्यावर प्रतींची यादी: क्रमांक, तारीख, कोणाला पाठवली, कशासाठी, निवेदनाचे शब्द किती आणि अंदाजे लांबी किती. दुसऱ्यावर अभिप्राय, एका सूचनेला एक ओळ. एका वाक्यात तीन सूचना आल्या तर तीन ओळी. त्यातल्या या काही ओळी:

| क्र. | कोणत्या प्रतीवर | तुकडा | कोणाचं म्हणणं | सूचना | निर्णय | कारण |
|---|---|---|---|---|---|---|
| ९ | १.० | ५.२ | गुणवत्ता प्रमुख | दूध ४ अंशांला ठेवा असं सांगा | अंशतः; ९.१ मध्ये | घरी कूलर नसतो, केंद्रावर असतो |
| १४ | २.० | ७.४ | पशुवैद्यक | ‘तीन दिवस’ काढा | मान्य | प्रत्येक औषधाचा काळ वेगळा |
| १७ | २.० | १०.३ | मार्केटिंग | खरेदी दर सांगा | नाही | दर बदलला की फिल्म बाद |
| २३ | १.० (जुनी!) | ७.४ | मार्केटिंग | ‘तीन दिवस’ ठळक सांगा | थांबवलं. १४ शी विरोध | पशुवैद्यकांकडे |

शेवटचे दोन रकाने, निर्णय आणि कारण, हे या तक्त्यातलं खरं भांडवल. पुष्कळ ठिकाणी नोंदवही म्हणजे ‘काय बदललं’ याची यादी असते. जे बदललं ते पटकथेत दिसतंच. जे मागितलं गेलं आणि बदललं नाही, ते कुठेच दिसत नाही, आणि पुन्हा पुन्हा उगवतं तेही तेच. दराची ओळ घ्या. संघ गाईच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, धरून दर देतो, तो आकडा फिल्ममध्ये असावा ही मागणी तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या वेळी केली. दर वर्षातून अनेकदा हलतो. फॅट आणि एसएनएफवर दर ठरतो एवढंच १०.३ मध्ये ठेवलं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उत्तर द्यायला काही विचार करावा लागला नाही. क्रमांक १७ दाखवला.

उलट, सगळंच नोंदवायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, छपाईच्या चुका थेट दुरुस्त करायच्या. नोंदवही दीडशे ओळींची झाली की ती कोणी वाचत नाही, आणि न वाचली जाणारी नोंदवही नसलेली परवडली.

नोंदवहीचा एकच नियम आम्ही कडक पाळतो: सूचनेला क्रमांक मिळाल्याशिवाय ती पटकथेत शिरत नाही. आधी नोंद, मग बदल. क्रम उलटा झाला तर काय होतं, हे क्रमांक २३ वरून कळेल.

पहिल्या प्रतीत ७.४ असं होतं: ‘जनावराला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं असेल, तर तीन दिवस त्याचं दूध डेअरीला घालू नका.’ गावात हा तीन दिवसांचा हिशेब सर्रास ऐकू येतो. दुसऱ्या प्रतीवर पशुवैद्यकांनी तो खोडला. औषधाचा अंश दुधातून किती काळ येत राहतो हे औषधावर, मात्रेवर, ते स्नायूत दिलं की थेट सडात सोडलं यावर अवलंबून असतं. तो काळ औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला असतो आणि काही औषधांचा तीन दिवसांहून जास्त असतो. संघाच्या नावानं निघालेल्या फिल्मनं ‘तीन दिवस’ म्हटलं, आणि चौथ्या दिवशी घातलेल्या दुधात अंश सापडला, तर शेतकरी फिल्मकडेच बोट दाखवेल. म्हणून २.१ मध्ये ओळ झाली: ‘डॉक्टरांनी सांगितलेला काळ संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका.’

आठवडा उलटला आणि मार्केटिंगच्या साहेबांचा अभिप्राय आला, तोही मॅडमच्या एकत्रित कागदातूनच, म्हणजे रीतसर: ‘सातव्या प्रसंगात तीन दिवस हे छान आहे, अजून ठळक करा, पडद्यावर अक्षरांत पण दाखवा.’ नुसतं वाचलं तर साधी, काम सोपं करणारी सूचना. नव्या प्रतीत ‘तीन दिवस’ नाहीतच, हे लिहिताना लक्षात आलं असतं. पण घाईच्या दिवशी माणूस काय करतो, तर ‘अरे, हे चुकून गळलं वाटतं’ म्हणून परत घालतो आणि वर ठळक अक्षरांची पाटीही लावतो. नोंदवहीत ओळ लिहिताना मात्र ७.४ वर गाळणी लावली की क्रमांक १४ समोर येतो. साहेबांच्या टेबलावर १.० चा कागद होता, हे विचारल्यावर कळलं.

जुनी प्रत ओळखायची खूण हीच. अभिप्रायात उद्धृत केलेलं वाक्य सध्याच्या प्रतीत शब्दशः सापडत नसेल, तर सूचना चांगली की वाईट हे ठरवण्याआधी विचारायचं: तुमच्या कागदाच्या वर कोणता क्रमांक आहे? दुसरी खूण, पान क्रमांक न जुळणं. तिसरी जरा फसवी: सूचना आधीच अमलात आलेली असते, म्हणजे त्यांनी मागितलंय तेच आपण केलेलं असतं, आणि आपण खूश होऊन ‘झालं’ लिहून पुढे जातो. तिथेही थांबावं, कारण त्या माणसाचे बाकीचे अभिप्रायही जुन्याच कागदावरचे असणार.

२३ चं पुढे काय झालं, हे सांगण्यासारखं आहे. नियमाप्रमाणे औषधाच्या ओळीवर शब्द पशुवैद्यकांचा, त्यामुळे ‘नाही’ लिहून मिटवता आलं असतं. पण मार्केटिंगच्या साहेबांचं दुखणं खरं होतं. ‘डॉक्टरांनी सांगितलेला काळ’ हे वाक्य ऐकून शेतकरी काय करेल? बहुतेक वेळा डॉक्टर सांगत नाहीत, हा विचारत नाही, आणि इंजेक्शन दिलेलं कधी ते चौथ्या दिवशी घरात कोणाला आठवत नाही. त्यांनी मागितलेला उपाय चुकीचा होता, अडचण बरोबर होती. मॅडमनी दोघांना एका फोनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, “आकडा नको, पण विचारायला लावा.” त्यातून ३.० ची ओळ निघाली, शेतकरी बाईच्या तोंडी: ‘डॉक्टर, इंजेक्शन दिलंत, आता दूध डेअरीला कोणत्या तारखेपासून घालायचं?’ आणि दृश्यात ती गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहिते. निवेदन एका वाक्यानं कमी झालं. डॉक्टरांची मंजुरी ‘७.४, प्रत ३.०’ अशी तुकडा आणि प्रत लिहूनच घेतली. ‘डॉक्टरांनी पाहिलंय’ ही मंजुरी नव्हे. त्यांनी काय पाहिलंय ते त्यात नसतं.

क्रमांक ९ ची गोष्ट लहान आहे. गुणवत्ता प्रमुखांना चार अंश सेल्सिअस हा आकडा हवा होता, आणि तो बरोबरही आहे. बल्क कूलरमध्ये दूध त्या तापमानापर्यंत उतरवतात. पण ५.२ हा प्रसंग गोठ्यातला. तिथे दूध जनावराच्या अंगाच्या उष्णतेचं, फ्रिज असलाच तर त्यात किटली मावत नाही. शेतकऱ्याच्या हातात असतं ते एवढंच की स्वच्छ किटली, झाकण आणि उशीर न करणं. आकडा संकलन केंद्राच्या नवव्या प्रसंगात सचिवाच्या तोंडी गेला. तथ्य बरोबर असणं आणि ते योग्य माणसाच्या, योग्य जागेच्या वाट्याला येणं या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत. पहिली गुणवत्ता प्रमुखांची, दुसरी मॅडमची. वाटणी आधी लिहिलेली असल्यामुळे यावर वाद झाला नाही.

लांबीचं मात्र सगळीकडे होतं तेच इथेही झालं. मराठी निवेदन, समजून घ्यायला जागा ठेवून, मिनिटाला साधारण ११० शब्दांनी चालतं. आठ मिनिटांत संवाद, गोठ्याचे आवाज आणि नुसती दृश्यं वजा केली तर निवेदनाला सहा-साडेसहा मिनिटं मिळतात, म्हणजे सातशे शब्दांच्या आसपास. १.० त्यात बसत होती. तथ्यांची फेरी संपली तेव्हा आकडा नऊशेवर गेला होता. प्रत्येकानं एखादं-दुसरं वाक्य घातलं, कोणी एकही काढलं नाही. प्रतींच्या यादीत शब्दसंख्येचा रकाना आहे तो याचसाठी. तिसऱ्या टप्प्याला मॅडमच्या खोलीत पटकथा मोठ्यानं वाचली, टेबलावर मोबाइलचं स्टॉपवॉच ठेवून. दहा मिनिटांच्या वर गेली. आता ‘कमी करा’ हे आम्हाला म्हणावं लागलं नाही. कोणतं वाक्य कोणाच्या सूचनेनं आलं हे नोंदवहीत होतं, त्यामुळे मॅडमना प्रत्येकाला फोन करून विचारता आलं, ‘तुमची ही दोन वाक्यं, यातलं एक ठेवायचं तर कोणतं?’ लेखकानं कापलेलं वाक्य परत येतं. सुचवणाऱ्यानं स्वतः सोडलेलं येत नाही.

त्याच वाचनात, कास सुजण्याच्या आजाराला कासदाह म्हणायचं की दगडी, हा प्रश्नही निघाला. पुस्तकात कासदाह, गोठ्यात दगडी. पहिल्यांदा दोन्ही, पुढे दगडी, असं मॅडमनी ठरवलं आणि डॉक्टरांना कळवलं. भाषेच्या अशा बाबतींत आम्ही ‘ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर मान्य समजू’ असं ईमेलमध्ये लिहितो आणि ते चालतं. तथ्यांना मात्र हे कलम कधी लावू नये. डॉक्टर दौऱ्यावर असतील, ईमेल उघडलेलं नसेल. त्यांच्या गप्प राहण्यातून औषधाची ओळ मंजूर झाली असं धरणं म्हणजे कागदोपत्री आपण सुटलो, पण शेतकरी अडकला. उत्तर येईपर्यंत ती एक ओळ अडवून ठेवायची, बाकी काम पुढे न्यायचं. तुकड्यांना क्रमांक असल्यानं हे जमतं. नसते तर अख्खी पटकथा अडली असती.

चौथी प्रत, ४.०, लॉक म्हणून गेली. कार्यकारी संचालकांकडून ईमेलवर एकच वाक्य मागितलं: ‘प्रत ४.० चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रणासाठी मंजूर.’ सोबत लॉकनंतरच्या बदलाची किंमत टप्प्यागणिक दिली होती. ध्वनिमुद्रणाआधी एक वाक्य बदलणं म्हणजे फक्त लेखकाचं काम. ध्वनिमुद्रणानंतर म्हणजे निवेदकाला पुन्हा बोलावणं, स्टुडिओच्या किमान तासांचं भाडं, आणि आवाजाचा पोत जुळावा म्हणून कधीकधी अख्खा प्रसंग पुन्हा वाचणं. संकलनानंतर म्हणजे त्या वाक्याखालची दृश्यंही हलणं. रकमा प्रत्येकाच्या वेगळ्या असतील. पण त्या बदल मागितल्यावर सांगितल्या तर खंडणी वाटतात, आधी सांगितल्या तर दरपत्रक. दुसरा हप्ताही या ईमेलशी बांधलेला होता, त्यामुळे ते लवकर यावं यात आमचा स्वार्थ होता, तो लपवायचं कारण नाही.

आणि मग अध्यक्ष. ध्वनिमुद्रण होऊन गेलं होतं. ‘साहेबांना आम्ही सांगतो’ मधलं सांगणं तेव्हा झालं. साहेबांना फिल्म आवडली, फक्त सुरुवातीला त्यांचा मिनिटभराचा संदेश हवा होता आणि शेवटच्या निवेदनात संघाच्या पशुखाद्याचा उल्लेख.

सहकारात अशा वेळी लॉकचं ईमेल पुढे करणं हे बरोबर असूनही निरुपयोगी असतं. त्या कागदाचा उपयोग अध्यक्षांना नाही म्हणायला होत नाही. बदल कुठे घेतला तर किती मोडेल हे दाखवायला होतो. दोन्ही मागण्या बदल-विनंती म्हणून नोंदवल्या आणि प्रत्येकीला दोन पर्याय लिहिले. संदेश फिल्मच्या आत घातला तर आठाची नऊ मिनिटं, पहिल्या प्रसंगाचं संगीत आणि निवेदन पुन्हा. संदेश वेगळी फीत म्हणून फिल्मच्या आधी जोडला तर फिल्मला हात लागत नाही आणि संचालक मंडळ बदललं की तेवढीच फीत बदलता येते. हे दुसरं कारण अर्थात लेखी दिलं नाही, मॅडमनी तोंडी सांगितलं असावं. वेगळी फीत मान्य झाली. पशुखाद्याचं वाक्य मात्र १२.२अ म्हणून आलं, त्याचं ध्वनिमुद्रण पुन्हा झालं आणि त्याचे पैसे संघानं दिले. फिल्मच्या दृष्टीनं ते वाक्य उपरं आहे, असं मला आजही वाटतं. नोंदवहीत तेवढंच कारण लिहिलेलं आहे: ‘अध्यक्षांची सूचना.’ काही सूचनांना तेवढंच कारण असतं आणि तसं लिहायला हरकत नाही.

ही पद्धत कुठे तोकडी पडते तेही या प्रकरणात दिसलं. ज्याच्या हातात निर्णय आहे तो माणूस पहिल्या वाटणीत नसेल, तर पुढचे सगळे रकाने त्याच्यापुढे फिके पडतात. आता आम्ही पहिल्या टप्प्याचा आराखडा अध्यक्षांकडे जावा आणि त्यावर त्यांची नुसती आद्याक्षरी तरी यावी असा आग्रह धरतो. एका पानाचा कागद ते वाचतात, चौदा पानांची पटकथा नाही. दुसरी मर्यादा छोट्या कामांची. तीस सेकंदांच्या जाहिरातीला चार टप्पे लावणं हास्यास्पद होईल; तिथे तथ्यं आणि लॉक एवढे दोन पुरतात, नोंदवही एका ईमेलच्या धाग्यातही चालते.

लॉकनंतरही एक प्रत निघते, आणि ती करायचा लेखकाला हमखास कंटाळा येतो: प्रत्यक्ष जसं झालं तशी, ५.०. चित्रीकरणात शेतकरी बाईंनी ७.४ मधलं ‘कोणत्या तारखेपासून’ हे ‘कवापासनं’ केलं, आणि ते इतकं सहज आलं की दिग्दर्शकानं ठेवलं. सचिवाच्या भूमिकेतल्या गृहस्थांनी ‘सेल्सिअस’ गाळलं. ध्वनिफिती प्रसंगाच्या क्रमांकानं ठेवल्या होत्या, `S07_4_t2.wav` म्हणजे सातवा प्रसंग, चौथा तुकडा, दुसरा टेक. त्यामुळे कोणता टेक वापरला ते बघत पटकथा दुरुस्त करणं फार वेळाचं नव्हतं. बोललेल्या बदलांपैकी तथ्याला धक्का लावणारे तेवढे पुन्हा डॉक्टर आणि गुणवत्ता प्रमुखांकडे गेले. ‘कवापासनं’ वर डॉक्टरांनी विचारलं की बाई तारीख लिहिताना दिसतात ना. दिसतात म्हटल्यावर हो म्हणाले.

सीमेलगतच्या गावांसाठी कानडी आवृत्ती करायचं ठरलं, तेव्हा अनुवादकाला ४.० नव्हे, ही ५.० दिली, प्रत्येक तुकड्याचे सेकंद लिहून. सोबत नोंदवहीतल्या फक्त त्या ओळी दिल्या ज्यांत एखादी गोष्ट जाणूनबुजून टाळलेली होती: दर नाही, दिवसांचा आकडा नाही, गोठ्यात तापमान नाही. कानडी पटकथेचा क्रमांक क-१.० पासून सुरू झाला आणि तिच्या तथ्यमंजुरीसाठी संघानं कानडी वाचता येणारे दुसरे पशुवैद्यक नेमून दिले.